एकच बदाम, एकच भाव, तीन नफे

मशीद बंदरच्या एका सुकामेव्याच्या घाऊक पेढीवर दिवाळीआधीची धावपळ चालू आहे असं समजा. पेढीने सप्टेंबरच्या 1 तारखेला 100 किलो बदाम 700 रुपये किलोने घेतला आणि 20 तारखेला तोच माल, त्याच प्रतीचा, आणखी 100 किलो घेतला, पण 820 रुपयांनी. सणासुदीला भाव चढतो, त्यात नवल नाही. पेढी आणि आकडे गणित सोपं जावं म्हणून मी बेतलेले आहेत.

22 तारखेनंतर तीन दिवसांत तीन मिठाईवाल्यांच्या ऑर्डरी गेल्या: एक दादरचा, एक गिरगावचा, एक ठाण्याचा. प्रत्येकी 60 किलो, प्रत्येकाला भाव 850. म्हणजे प्रत्येक बिल जीएसटी सोडून 51,000 रुपयांचं. आता विक्रीचा रिपोर्ट काढला आणि ऑर्डरवार मार्जिन पाहिलं, तर तिन्ही ओळींत सारखा आकडा यायला हवा, नाही का?

तो येईल की नाही, हे सॉफ्टवेअरमध्ये बदामाची कॉस्टिंग पद्धत कोणती निवडली आहे त्यावर ठरतं. टॅलीत हा पर्याय प्रत्येक मालाच्या खात्यात असतो, `Avg. Cost`, `FIFO` वगैरे. बहुतेक ठिकाणी खातं उघडताना जे होतं तेच पुढे राहतं आणि नंतर तिकडे कोणी फिरकत नाही.

फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं. दादरची ऑर्डर पूर्णपणे पहिल्या लॉटमधून गेली: खर्च 42,000, मार्जिन 9,000, म्हणजे साधारण 17.6 टक्के. गिरगावच्या वेळी जुना माल 40 किलोच उरला होता, म्हणून 20 किलो नव्या लॉटमधून धरले. खर्च 28,000 अधिक 16,400, मार्जिन 6,600. ठाण्याची ऑर्डर पूर्ण नव्या भावाची: खर्च 49,200, मार्जिन फक्त 1,800, साडेतीन टक्के.

भारित सरासरीत सगळा माल पाण्याच्या टाकीसारखा एकत्र होतो. 200 किलोचे 1,52,000 रुपये, म्हणजे किलोला 760. मग दादर असो की ठाणे, प्रत्येक ऑर्डरचा खर्च 45,600 आणि मार्जिन 5,400, साधारण 10.6 टक्के.

आता हा रिपोर्ट वाचणाऱ्याचा विचार करा. फिफोवाल्या पेढीत ठाण्याचं गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या सेल्समनला विचारलं जाणार, "एवढ्या स्वस्तात का दिलास?" तो म्हणणार, "शेठ, भाव तर तुम्हीच सांगितला होता!" आणि त्याचं म्हणणं खरं आहे. त्याने एक रुपयाही सूट दिली नाही. त्याची ऑर्डर फक्त तिसरी आली. मार्जिनवर कमिशन असेल तर वाद आणखी चिघळतो, कारण भाव चढत असताना जो आधी बिल फाडेल त्याचं कमिशन मोठं.

गोदामात कोणती गोणी खरोखर गेली, याचा इथे संबंध नाही. हमाल वरची गोणी आधी उचलतो, आणि वर बहुधा नवा माल असतो. फिफो ही हिशोबातली रांग आहे, गोण्यांची नव्हे.

तीन ऑर्डरींचं एकूण मार्जिन फिफोने 17,400 आणि सरासरीने 16,200. हे 1,200 रुपये गेले कुठे? उरलेल्या 20 किलोंत. फिफोमध्ये त्यांची किंमत 16,400 आहे, सरासरीत 15,200. तेही 850 ने विकून टाका, की दोन्ही पद्धतींत एकूण नफा 18,000 येतो. पद्धत नफा निर्माण करत नाही. तो कोणत्या ऑर्डरवर आणि कोणत्या महिन्यात दाखवायचा एवढंच ठरवते. म्हणून रिपोर्टवर शंका आली तर आधी एक ताळा करा: विकलेल्या मालाचा खर्च अधिक शिल्लक मालाची किंमत ही एकूण खरेदीइतकी भरली पाहिजे. सुरुवातीचा साठा असेल तर तो खरेदीत धरायचा. बेरीज जुळत नसेल तर मार्जिनच्या टक्केवारीवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

सरासरीतही दोन जाती आहेत, आणि गोंधळ जास्त तिथेच होतो. समजा दादरची ऑर्डर 18 तारखेला, म्हणजे दुसरा लॉट यायच्या आधी गेली. चालत्या सरासरीत तेव्हा भाव 700 च होता, म्हणून मार्जिन फिफोइतकंच, 9,000. पण सॉफ्टवेअर महिनाअखेरची सरासरी काढत असेल, तर तीच ऑर्डर 760 च्या खर्चावर बसते आणि मार्जिन 5,400 होतं. 18 तारखेला पाहिलेला आकडा 30 तारखेला बदललेला दिसतो, आणि कोणीतरी एन्ट्रीत हात घातला अशी कुजबुज सुरू होते.

खरा घोळ उशिरा येणाऱ्या खर्चाचा. क्लिअरिंग एजंटचं 2,000 रुपयांचं बिल दुसऱ्या लॉटचं आहे, पण ते पेढीवर पोचलं तिन्ही ऑर्डरी गेल्यावर. बिल मूळ खरेदीला जोडून मागचा हिशोब पुन्हा चालवला, तर फिफोत दुसऱ्या लॉटचा भाव 840 होतो: दादरला धक्का नाही, गिरगावचं मार्जिन 400 ने आणि ठाण्याचं 1,200 ने घटतं, उरलेले 400 शिलकीवर. सरासरीत प्रत्येक ऑर्डरवर 600 आणि शिलकीवर 200. दोन्ही ठीक. पण सॉफ्टवेअर मागे वळून हिशोब करत नसेल आणि सरासरी पद्धत असेल, तर सगळे 2,000 उरलेल्या 20 किलोंवर येऊन पडू शकतात. शिलकीचा भाव 760 वरून एकदम 860. पुढचं गिऱ्हाईक 850 ने माल नेईल आणि रिपोर्टात तोटा दिसेल. ओळखायची खूण सोपी आहे: नवी खरेदी नसताना शिल्लक मालाचा किलोचा भाव उडी मारतो. तसं दिसलं की त्या तारखेच्या आसपासची भाडं-हमालीची बिलं उघडून बघा.

जीएसटीचा परतावा मिळत असेल तर तो कर खर्चात मिळवायचा नसतो, हेही बऱ्याच जणांकडून राहून जातं.

मग कोणती पद्धत बरी? भारताच्या लेखा मानक 2 प्रमाणे अदलाबदल होऊ शकणाऱ्या मालाला फिफो आणि भारित सरासरी, दोन्ही चालतात. शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणं चालत नाही. निवडलेली पद्धत मनाला येईल तेव्हा बदलायची नसते. बदाम, साखर, खिळे अशा एकसारख्या मालात गिऱ्हाइकांची किंवा सेल्समनची तुलना करायची असेल तर माझा कल सरासरीकडे आहे. मात्र लॉटवार प्रत वेगळी असेल, तर सरासरी एका लॉटची महागाई दुसऱ्यात लपवते.

एक गोष्ट दोन्ही पद्धती सांगत नाहीत. समजा आज आडत्याने पुढच्या लॉटचा भाव 880 सांगितला. फिफोत ठाण्याच्या ऑर्डरीवर 1,800 नफा, सरासरीत 5,400. पण तेच 60 किलो पुन्हा भरायला 52,800 लागणार, आणि बिल 51,000 चं होतं. म्हणून रिपोर्टात आजच्या खरेदी भावाचा एक वेगळा रकाना ठेवावा. तो ताळेबंदात जात नाही, कमिशनलाही धरायचा नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला फोनवर 850 म्हणण्याआधी तेवढा बघायचा.