खोडलेला दस्तऐवज डिस्कवरून खरोखर कधी जातो : ल्युसीनच्या इंडेक्सची पार्श्वभूमी

डिस्क भरत आली म्हणून कुणी इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेच्या इंडेक्समधून तीन कोटी जुन्या नोंदी `_delete_by_query` ने उडवतो. शोधात त्या दिसेनाशा होतात, मोजणीही कमी होते. डिस्कवरचा आकडा मात्र तसाच राहतो, कधी काही मेगाबाइट वाढतोही. यात बिघाड काहीच झालेला नसतो. आतल्या ल्युसीन या लायब्ररीने त्या नोंदींवर फक्त ‘मृत’ अशी खूण केलेली असते, आणि मुळात ती तशीच बांधलेली आहे. ती तशी का बांधली गेली, हे कळायला १९९०पर्यंत मागे जावे लागते.

ल्युसीन ठेवते तो इन्व्हर्टेड इंडेक्स पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखा असतो. शब्द समोर आणि तो कुठल्या दस्तऐवजांत येतो त्यांचे क्रमांक त्याच्यापुढे. एका दस्तऐवजात तीनशे वेगवेगळे शब्द असतील, तर त्याचा क्रमांक तीनशे याद्यांमध्ये विखुरलेला असतो. तो खरोखर पुसायचा तर आधी ते तीनशे शब्द कोणते हे कळले पाहिजे, आणि इंडेक्स तर शब्दाकडून दस्तऐवजाकडे जातो, उलट नाही. शब्द कळले तरी यादी पूर्ण आकड्यांची नसते. जागा वाचवण्यासाठी प्रत्येक क्रमांक आधीच्या क्रमांकापासूनचे अंतर म्हणून लिहिलेला असतो आणि अशी अंतरे गठ्ठ्यांमध्ये दाबून बसवलेली असतात. मधला एक काढला की पुढचे अंतर बदलते, म्हणजे अख्खा गठ्ठा नव्याने लिहावा लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला साधारण १० मिलिसेकंद धरले, तर एक दस्तऐवज पुसायला तीन सेकंद गेले.

१९९०मध्ये डग कटिंग आणि जॅन पेडरसन यांनी झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात असताना नेमक्या याच प्रश्नावर, म्हणजे सतत बदलणाऱ्या संग्रहाचा इंडेक्स ताजा कसा ठेवायचा यावर, निबंध लिहिला. त्यात बी-ट्री ही रचना गृहीत होती आणि बदल एकेक न लिहिता साठवून एकत्र मिसळण्याची सूचना होती. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीस कटिंग यांनी ल्युसीन लिहिले तेव्हा त्यांनी जागच्या जागी बदल करण्याचा मार्ग पूर्ण सोडला. नवे दस्तऐवज आले की त्यांचा एक छोटा, स्वयंपूर्ण इंडेक्स तयार होतो. त्याला सेगमेंट म्हणतात. एकदा लिहिलेला सेगमेंट पुन्हा कधीच बदलत नाही. सेगमेंट फार झाले की काही एकत्र वाचून त्यांचा मोठा सेगमेंट सलग लिहिला जातो आणि जुने टाकून दिले जातात. याला मर्ज म्हणतात. सलग वाचणे-लिहिणे डिस्कला स्वस्त पडते, म्हणून हे जमले.

सेगमेंट बदलायचाच नाही असे ठरल्यावर पुसण्यासाठी बाजूला खूण करणे हाच मार्ग उरतो. ल्युसीन प्रत्येक सेगमेंटसोबत, त्यात काही खोडले गेले असेल तरच, एक छोटी फाइल ठेवते. तीत दर दस्तऐवजामागे एक बिट. पूर्वी तिचे नाव `.del` ने संपे आणि बिट लागला की दस्तऐवज मृत असा अर्थ होता. २०१२च्या ४.० आवृत्तीत अर्थ उलटा केला गेला, लागलेला बिट म्हणजे जिवंत, आणि ५.० पासून फाइलही `.liv` झाली. एक कोटी दस्तऐवजांच्या सेगमेंटला ही फाइल सव्वा मेगाबाइटची होते. खोडल्यावर डिस्कवरचा आकडा किंचित वाढतो तो हिच्यामुळेही. शोध घेताना याद्या आधीसारख्याच पूर्ण वाचल्या जातात. जुळलेल्या प्रत्येक क्रमांकाचा बिट पाहून मृत तेवढे वगळले जातात. सेगमेंटमध्ये एकही मृत नसेल तर ही तपासणीच होत नाही.

दुरुस्ती ही वेगळी क्रिया नाही, हेही इथेच लक्षात घ्यायला हवे. दस्तऐवजातले एक फील्ड बदलले तरी जुन्यावर खूण होते आणि पूर्ण नवा दस्तऐवज नव्या सेगमेंटमध्ये जातो. म्हणून ज्या इंडेक्समध्ये कुणी कधी काही डिलीट केलेले नाही, पण किंमत किंवा साठा रोज बदलतो, तिथेही मृतांचा ढीग साचतो.

मृत दस्तऐवजाचा मजकूर आणि त्याच्या याद्यांतल्या नोंदी खरोखर जातात त्या मर्जमध्ये. नवा सेगमेंट लिहिताना फक्त जिवंत उचलले जातात. अपवाद एकच : सेगमेंटमधला शेवटचा दस्तऐवजही मृत झाला, तर तो सेगमेंट मर्जशिवाय आख्खा टाकला जातो. मग प्रश्न उरतो की मर्ज केव्हा आणि कुणाचा. हे ठरवणाऱ्या नियमांचा इतिहास, माझ्या मते, या विषयातला सर्वांत उपयोगी भाग आहे.

२०११मध्ये ३.२ आवृत्तीत `TieredMergePolicy` आली. ती साधारण सारख्या आकाराचे सेगमेंट एकत्र करते आणि ज्यांत मृत जास्त त्यांना झुकते माप देते. पण सेगमेंट वाढतच जाऊ नये म्हणून तिने ५ जीबीची कमाल मर्यादा घातली. त्यातून एक नियम निघाला : जिवंत भाग निम्म्याहून, म्हणजे २.५ जीबीहून, जास्त असलेला सेगमेंट मर्जसाठी विचारातच घ्यायचा नाही. ५ जीबीच्या भरलेल्या सेगमेंटला म्हणून निम्मे दस्तऐवज मरेपर्यंत हात लागत नसे. त्याहून वाईट अवस्था `optimize` वापरणाऱ्यांची. ती क्रिया ५ जीबीची मर्यादा पाळत नव्हती, सगळ्याचा एकच सेगमेंट करून देई. समजा तो ६० जीबीचा झाला. आता त्यातला जिवंत भाग २.५ जीबीवर येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ९६ टक्के दस्तऐवज मरेपर्यंत, तो नेहमीच्या मर्जमध्ये येणार नाही. ३.५ मध्ये `optimize` चे नाव बदलून `forceMerge` केले गेले. जुन्या नावामुळे लोकांना ते दररोज करावेसे वाटे, म्हणून हा बदल योग्यच होता.

२०१८च्या ल्युसीन ७.५ आवृत्तीत हा कोंडमारा सुटला. नवा नियम असा : संपूर्ण इंडेक्समधले मृतांचे प्रमाण ठरावीक टक्क्यांपलीकडे गेले आणि त्या सेगमेंटमधलेही गेले, तर तो कितीही मोठा असो, पुन्हा लिहायला घ्यायचा. ती मर्यादा सुरुवातीला ३३ टक्के होती. ९ मालिकेत ती २० टक्क्यांवर आणली गेली आणि ५ टक्क्यांपर्यंत खाली नेण्याची सोय झाली. इलॅस्टिकसर्चमध्ये ती `index.merge.policy.deletes_pct_allowed` या सेटिंगने बदलता येते. खाली नेली की जागा लवकर सुटते, पण मर्जचे वाचन-लेखन वाढते.

सुरुवातीच्या तीन कोटींचा हिशेब आता मांडता येतो. समजा इंडेक्स ६० जीबीचा, बारा कोटी दस्तऐवजांचा, आणि त्यात ५ जीबीचे बारा सेगमेंट आहेत. खोडलेले दस्तऐवज सगळीकडे सारखे पसरलेले असतील, तर प्रत्येक सेगमेंटमध्ये २५ टक्के मृत आणि ३.७५ जीबी जिवंत. ७.५च्या आधी काहीच हलले नसते, कारण ३.७५ हे २.५पेक्षा जास्त. ३३ टक्के मर्यादा असतानाही नाही. २० टक्के असेल तर सेगमेंट पुन्हा लिहिले जाऊ लागतात, पण फक्त एकूण प्रमाण २० टक्क्यांवर येईपर्यंत. तीन सेगमेंट लिहून झाले की मृत उरतात सव्वादोन कोटी आणि एकूण सव्वाअकरा कोटी, म्हणजे बरोबर २० टक्के. तिथे काम थांबते. परत मिळते जेमतेम पावणेचार जीबी, अपेक्षित पंधरांपैकी. उरलेले पुढच्या लिखाणाबरोबर हळूहळू जातील, आणि लिखाण थांबलेले असेल तर तसेच राहतील.

सेगमेंटनिहाय स्थिती अशी पाहता येते :

```
GET _cat/segments/orders?v&h=segment,docs.count,docs.deleted,size
```

उरलेली जागा आताच हवी असेल तर :

```
POST orders/_forcemerge?only_expunge_deletes=true
```

हा आदेश १० टक्क्यांहून जास्त मृत असलेले सेगमेंट लिहायला घेतो. वरच्या उदाहरणात उरलेले नऊही लिहिले जाऊन इंडेक्स ४५ जीबीच्या आसपास येतो. मात्र नवा सेगमेंट पूर्ण लिहून होईपर्यंत जुना डिस्कवर असतोच, त्यामुळे जागा सुटण्याआधी वापर वाढतो. `max_num_segments=1` देऊन सगळ्याचा एक केला, तर जवळपास जिवंत भागाएवढी मोकळी जागा आधी लागते, आणि पुढे तोच मोठा सेगमेंट डोकेदुखी ठरतो. ज्या इंडेक्समध्ये पुन्हा लिखाण होणार नाही तिथेच तो पर्याय वापरावा.

साचलेल्या मृतांचा त्रास जागेपुरता नसतो. शब्द किती दस्तऐवजांत येतो हा आकडा, ज्यावरून गुण काढले जातात, मृतांनाही मोजतो. त्यामुळे मर्ज झाल्यावर एकही दस्तऐवज न बदलता गुण बदलू शकतात. शार्ड म्हणजे इंडेक्सचा एक तुकडा. मूळ शार्ड आणि त्याची प्रत यांचे मर्ज वेगवेगळ्या वेळी होत असल्याने तोच शोध दोनदा केल्यास क्रम वर-खाली होताना दिसतो. एका ल्युसीन इंडेक्समध्ये २,१४,७४,८३,५१९ दस्तऐवज मावतात, त्या मोजणीतही मृत धरलेले असतात.

मर्ज होऊनही जागा सुटली नाही, असेही घडते. इलॅस्टिकसर्चने ७.० पासून नव्या इंडेक्ससाठी सॉफ्ट डिलीट नेहमीचे केले. प्रत मागे पडली तर तिला फक्त झालेले बदल पाठवता यावेत म्हणून खोडलेले दस्तऐवज काही काळ मर्जमधूनही वाचवले जातात. मागे पडलेल्या प्रतीसाठी ही मुदत मूळ सेटिंगनुसार १२ तासांची असते. दुसरे कारण उघडे वाचक. लांब चालणारा स्क्रोल, म्हणजे निकाल टप्प्याटप्प्याने वाचत राहणारा शोध, जुन्या सेगमेंटवर बसलेला असेल, तर लिनक्सवर फाइलचे नाव जाते पण शेवटचा वाचक ती बंद करेपर्यंत जागा अडूनच राहते. अशा वेळी `du` कमी आकडा दाखवते, `df` जास्त, आणि `lsof` मध्ये त्या फाइलच्या ओळीत `(deleted)` किंवा `DEL` लिहिलेले दिसते. किती स्क्रोल उघडे आहेत हे नोडच्या आकडेवारीत `open_contexts` मध्ये कळते.

डिस्क ९५ टक्क्यांवर गेल्यावर इलॅस्टिकसर्च मूळ सेटिंगनुसार इंडेक्सचे लिखाण बंद करते, आणि या सगळ्यासाठी लागणारी मोकळी जागा तेव्हा उरलेली नसते. त्या अवस्थेत लगेच जागा देणारा मार्ग अख्खा इंडेक्स काढण्याचा, कारण त्यात खुणा नाहीत की मर्ज नाही, फाइली थेट जातात. लॉगसारखा काळानुसार जुना होणारा डेटा दिवसाच्या किंवा महिन्याच्या वेगळ्या इंडेक्समध्ये ठेवतात ते याच कारणाने : मार्च महिना नको झाला की `DELETE logs-2024.03` एवढेच.