पासवर्ड बोर्डावर, माहिती डिस्कवर

चर्चगेटहून सुटलेली संध्याकाळची विरार फास्ट. बोरिवलीला उतरणाऱ्यांच्या रेट्यात एक जण उतरला आणि रॅकवरची त्याची बॅग तशीच पुढे गेली. बॅगेत लॅपटॉप होता. ‘बायॉस पासवर्ड लावलाय, कोणी उघडू शकणार नाही,’ एवढाच काय तो त्याला दिलासा.

समजा बॅग भलत्याच माणसाच्या हाती लागली. त्याने बटण दाबलं. विंडोज सुरू होण्याआधीच पडद्यावर पासवर्डची चौकट आली. तीन वेळा चुकीचं काहीतरी टाकल्यावर मशीन हटून बसलं; बंद करून पुन्हा चालू केलं तरी तेच. मग त्याने लॅपटॉप पालथा घातला, खालच्या झाकणाचे स्क्रू काढले आणि बोर्डावर एकाच स्क्रूने धरलेली, 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब पट्टी बाहेर ओढली. ही एसएसडी. ती यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली की फोटो, पॅन आणि आधारचे स्कॅन, ऑफिसच्या फायली, सगळं पेनड्राइव्हसारखं उघडतं. विंडोजचा लॉगिन पासवर्डही इथे आडवा येत नाही, कारण फायलींवरच्या परवानग्या पाळायच्या की नाही हे ती डिस्क वाचणारं मशीन ठरवतं, आणि ते मशीन आता त्याचं आहे.

हे असं का होतं? चालू केल्यावर प्रोसेसर सर्वांत आधी मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमधला प्रोग्राम चालवतो. जुन्या मशीनमध्ये तो बायॉस, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मशीनमध्ये यूईएफआय. बोलताना दोन्हींना बायॉसच म्हणतात. तो कीबोर्ड, मेमरी, डिस्क यांना जागं करतो आणि मग विंडोजच्या हाती कारभार सोपवतो. पासवर्ड विचारतो तो हा प्रोग्राम, आणि पासवर्डची नोंदही बोर्डावरच असते. एसएसडीला या व्यवहाराचा पत्ताच नसतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे, पण घराच्या दाराला कडीसुद्धा नाही, अशातला हा प्रकार.

बरं, हा वॉचमनही सगळीकडे सारखाच कडक नसतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये पासवर्ड ज्या मेमरीत राहायचा ती CR2032 या नाण्याएवढ्या सेलवर जगायची. सेल काढून थोडा वेळ थांबलं की पासवर्ड गायब. ‘सेल काढ, होईल’ हा सल्ला तिथून आला आणि अजून फिरतो आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये नोंद वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपमध्ये असते, त्यामुळे सेल काढून फार तर घड्याळ चुकतं. काही जुन्या मॉडेलांत तीन चुकांनंतर पडद्यावर एक क्रमांक येतो आणि त्यावरून मास्टर पासवर्ड काढण्याची रीत कधीच बाहेर फुटलेली आहे. त्याशिवाय आठ पायांच्या फ्लॅश चिपला चिमटा लावून तिच्यातला मजकूर पुन्हा लिहिणारं प्रोग्रामर नावाचं उपकरण असतं, आणि ते दुर्मीळ अजिबात नाही.

मग पासवर्ड लावायचा कशाला? तो ज्या कामासाठी आहे त्या कामासाठी.

यूईएफआयमध्ये सहसा दोन वेगळे पासवर्ड असतात आणि गोंधळ तिथेच होतो. एक चालू करतानाचा: थिंकपॅडवर `Power-On Password`, डेलवर `System Password`. दुसरा सेटिंग्जचा: थिंकपॅडवर `Supervisor Password`, डेलवर `Admin Password`, इतर ठिकाणी `Administrator Password`. पुष्कळ मशीनवर नुसता दुसरा लावला तर चालू करताना काहीच विचारलं जात नाही. तो फक्त सेटिंग्ज बदलण्याच्या वाटेवर उभा असतो. लोकांना तो म्हणूनच बिनकामाचा वाटतो. प्रत्यक्षात दोघांतला जास्त उपयोगी तोच.

ऑफिसच्या टेबलावर बंद करून ठेवलेला लॅपटॉप घ्या. मालक जेवायला गेला आहे. कोणी यूएसबीवरून लिनक्स चालू करून डिस्क वाचू शकतो, किंवा सिक्युअर बूट बंद करून, सही नसलेला प्रोग्राम विंडोजच्या आधी चालेल अशी व्यवस्था करू शकतो. सेटिंग्जला पासवर्ड असेल, यूएसबीवरून सुरू होणं बंद असेल आणि F12 किंवा तुमच्या मशीनची तशीच की दाबल्यावर येणारा बूट मेनूही बंद असेल, तर त्याच्यापुढे झाकण उघडण्याशिवाय वाट नाही. चार लोकांसमोर स्क्रूड्रायव्हर काढून बसायची हिंमत फार थोड्यांची असते. बूट मेनू बंद करायचं मात्र हमखास राहून जातं. पासवर्ड लावूनही F12 वर यूएसबीचं नाव दिसत असेल आणि निवडल्यावर चालत असेल, तर दार उघडंच आहे.

सेटिंग्जमध्ये जायला चालू करताना डेल, एसर आणि एसूसवर F2, एचपीवर F10, थिंकपॅडवर F1 दाबावं लागतं. आजची मशीन इतक्या झटपट पुढे जातात की ती वेळ साधत नाही. त्यापेक्षा विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे द्या:

```
shutdown /r /fw /t 0
```

मशीन पुन्हा सुरू होऊन थेट सेटिंग्जमध्ये उतरेल. जुन्या बायॉस पद्धतीने विंडोज टाकलेल्या मशीनवर ही आज्ञा चालत नाही. तिथे कीच दाबावी लागते. आत `Security` विभागात आधी सेटिंग्जचा पासवर्ड लावा, मग हवा असेल तर चालू करतानाचा. `Boot` विभागात यूएसबी आणि बूट मेनूचं बघा, आणि बदल जतन करून बाहेर पडा, पुष्कळ मशीनवर F10 ने.

पासवर्ड फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचा ठेवा. विंडोजमध्ये तुम्ही कुठलाही कीबोर्ड लेआउट निवडलेला असो, यूईएफआय बहुधा अमेरिकन लेआउटवरच चालतो, त्यामुळे चिन्हं भलतीच उमटू शकतात, आणि टाइप करताना तर नुसते ठिपके दिसतात. आकडे वरच्या ओळीतून टाका. बाजूच्या नंबर पॅडचा नम लॉक त्या क्षणी चालू असेलच असं नाही. लावल्यावर लगेच मशीन पूर्ण बंद करून दोनदा उघडून पाहा.

विसरलात तर काय? थिंकपॅडच्या माहितीपुस्तिकेत सरळ लिहिलेलं असतं की सुपरवायझर पासवर्ड हरवला तर मदरबोर्ड बदलावा लागेल, तोही पैसे मोजून. एसरच्या काही लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूटची सेटिंग बदलण्याआधी सुपरवायझर पासवर्ड लावणं भाग पडतं. लोक तेवढ्यापुरतं काहीतरी टाकतात, काम उरकतात आणि वर्षभराने डोक्याला हात लावून बसतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा आणखी कुठे जुना लॅपटॉप घेत असाल तर पैसे देण्याआधी सेटिंग्ज उघडून पाहा. पासवर्ड मागितला, किंवा सगळे पर्याय करडे दिसले आणि काहीच बदलता आलं नाही, तर आधीच्या मालकाचं कुलूप तसंच आहे.

आता पुन्हा त्या लोकलकडे. वर आपण लॅपटॉप बंद होता असं धरलं. खरं तर बहुतेक जण ऑफिसमधून निघताना नुसतं झाकण लावतात. मशीन झोपेत जातं, बंद होत नाही. झाकण उघडलं की ते जिथल्या तिथे जागं होतं, आणि चालू करतानाचा पासवर्ड सहसा विचारलाच जात नाही. समोर येतो तो विंडोजचा लॉक. प्रवासात झाकण लावल्यावर मशीन हायबरनेट व्हावं, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून खरोखर बंद व्हावं, यासाठी त्याच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खिडकीत:

```
powercfg /hibernate on
powercfg /setdcvalueindex SCHEME_CURRENT SUB_BUTTONS LIDACTION 2
powercfg /setactive SCHEME_CURRENT
```

दुसऱ्या ओळीतला 2 म्हणजे हायबरनेट, आणि `dc` म्हणजे बॅटरीवर असताना. चार्जर लावलेला असेल तेव्हाची सवय बदलत नाही.

राहिली घराची कडी. डिस्कवरची माहितीच उलगडता न येणाऱ्या रूपात ठेवणं, म्हणजे एन्क्रिप्शन, हे काम बायॉस पासवर्ड करत नाही. विंडोजमध्ये ते बिटलॉकर करतो. होम आवृत्तीत त्याचंच साधं रूप ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने येतं. किल्ली बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या भागाच्या ताब्यात असते आणि मशीनची सुरुवात नेहमीसारखी झाली तरच तो ती देतो. मग पट्टी काढून दुसरीकडे लावली तर समोर फक्त कुलूप दिसतं. स्वतःच्या मशीनवर काय आहे ते त्याच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खिडकीत असं पाहा:

```
manage-bde -status C:
```

उत्तरात दोन ओळी वाचायच्या. `Conversion Status` मध्ये `Fully Encrypted` किंवा `Used Space Only Encrypted` दिसलं म्हणून खूश होऊ नका. खाली `Protection Status` पुढे `Protection On` हवं. तिथे `Protection Off` असेल तर माहिती एन्क्रिप्ट झालेली आहे, पण किल्लीही त्याच डिस्कवर उघडी पडलेली आहे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं नसेल तर नेमकं हेच आढळतं.

इथे दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून राहतात. टीपीएमला ‘नेहमीची सुरुवात’ ओळखता यावी म्हणून सिक्युअर बूट आणि त्याच्या आसपासची सेटिंग्ज जशीच्या तशी राहायला हवीत, आणि ती कोणी सहज बदलू नयेत म्हणून सेटिंग्जचा पासवर्ड. तुम्ही स्वतः ती बदललीत तरी पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. म्हणून यूईएफआयमध्ये हात घालण्याआधी ती मिळवा:

```
manage-bde -protectors -get C:
```

`Numerical Password` या शीर्षकाखाली सहा-सहा अंकांचे आठ गट दिसतील. ते कागदावर उतरवा.

हा कागद चोरापेक्षा पावसाळ्यात जास्त लागतो. जुलैत गुडघाभर पाण्यातून आलेल्या बॅगेत मदरबोर्ड मेला आणि एसएसडी शाबूत राहिली, असं होऊ शकतं. नुसता बायॉस पासवर्ड असेल तर तुमची डिस्क कुठल्याही मशीनला जोडून सगळं काढता येतं, अगदी बॅग सापडलेल्या त्या माणसासारखं. बिटलॉकर असेल तर किल्ली सांभाळणारा टीपीएम त्या बोर्डाबरोबरच गेला. डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला जोडायची, तिच्यावर क्लिक करायचं आणि ते 48 अंक टाकायचे. काही मशीनमध्ये यूईएफआयमधून `Hard Disk Password` लावता येतो. तो डिस्कच्याच कंट्रोलरमध्ये बसतो आणि तिच्याबरोबर जातो, पण टाइप केलेला पासवर्ड डिस्ककडे कोणत्या रूपात पाठवायचा हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. त्यामुळे बोर्ड गेल्यावर पासवर्ड अचूक आठवत असूनही दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर डिस्क उघडत नाही आणि त्याच कंपनीचं मशीन शोधत फिरावं लागतं. घरच्या लॅपटॉपवर तो लावण्यापेक्षा बिटलॉकर बरा, आणि त्या आठ गटांचा कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरच्या कपाटात.