चिकट जोडणी (वायफाय)

इमारतीत एकाच नावाचे अनेक अॅक्सेस पॉइंट असताना आणि जवळचा पॉइंट स्पष्ट ऐकू येत असतानाही फोन दूरच्या, आधी जोडलेल्या पॉइंटला धरून राहतो, त्या स्थितीला चिकट जोडणी म्हणतात. जोडणी सोडून दुसऱ्या पॉइंटकडे केव्हा जायचे हे पॉइंट ठरवत नाही, फोन ठरवतो. १९९७ च्या ८०२.११ या वायफायच्या मानकाने हा निर्णय उपकरणाकडे ठेवला आणि त्याचा निकष उत्पादकांवर सोपवला. पुढे २००३ मध्ये पॉइंटांनी आपसात माहिती देण्याची ८०२.११एफ ही शिफारस आली, पण ती प्रायोगिकच राहिली आणि २००६ मध्ये मागे घेतली गेली. दरम्यान २००४ च्या सुरक्षा सुधारणेने प्रत्येक नव्या जोडणीवर सांकेतिक किल्ल्यांच्या देवघेवीचा भार टाकल्याने एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जाणे, म्हणजे स्थलांतर, अधिक वेळखाऊ झाले. २००८ चे ८०२.११आर प्रामुख्याने त्यावरचा उपाय होय.

फोन पॉइंटांची सतत तुलना करीत नाही, हे चिकटण्याचे मूळ कारण आहे. शोध घेण्यात बॅटरी आणि वेळ खर्च होतो, म्हणून सध्याचा सिग्नल ठराविक पातळीखाली गेल्यावरच तो शोध सुरू करतो. अॅपलने आयफोनसाठी ही पातळी उणे ७० डीबीएम अशी जाहीर केली आहे (आकडा शून्याजवळ असेल तितका सिग्नल जोरदार). त्यानंतरही नवा पॉइंट, फोन डेटा वापरत असल्यास ८ डेसिबलने आणि स्वस्थ असल्यास १२ डेसिबलने सरस असावा लागतो. हे अंतर नसते, तर दोन पॉइंटांच्या मध्ये उभा असलेला फोन सतत इकडून तिकडे उड्या मारत राहिला असता.

उदाहरणादाखल लातूरमधील शिकवणीच्या विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह घेऊ. सुमारे ४५ मीटर लांबीच्या सरळ व्हरांड्यात जिन्याजवळ, मध्यभागी आणि शेवटच्या खोलीसमोर असे तीन पॉइंट आहेत आणि तिन्हींची प्रक्षेपण शक्ती २० डीबीएम आहे. जिन्याशी जोडलेला फोन घेऊन विद्यार्थी शेवटच्या खोलीत जातो. तिथे जिन्याचा पॉइंट उणे ६९ वर ऐकू येतो, तर दाराबाहेरचा उणे ४८ वर. फरक २१ डेसिबलचा आहे, पण उणे ७० ची सीमा ओलांडली गेलेली नाही. म्हणून फोन शोधच घेत नाही. पडद्यावर रेंज दिसते, मात्र व्हिडिओ अडकतो, कारण फोन स्वतः साधारण १३ डीबीएमनेच बोलतो आणि त्याचा आवाज जिन्याच्या पॉइंटपर्यंत उणे ७६ इतका क्षीण पोचतो. त्याच्या मंद संवादात हवेतला वेळ जातो आणि जिन्याजवळच्या मुलांनाही अडथळा होतो.

यावर अनेक जण पॉइंटमधील `Minimum RSSI` ही किमान सिग्नल मर्यादा वापरतात. ती उणे ७५ ठेवल्यास वरील फोनची जोडणी पॉइंट तोडून टाकतो. ही मर्यादा फोनच्या पडद्यावरील सिग्नलला लागू होत नाही, तर पॉइंटला फोन किती ऐकू येतो त्याला लागू होते, हे विसरल्याने बहुतेक चुका होतात. ज्या कोपऱ्यात सर्वांत जवळचा पॉइंटही फोनला उणे ७३ वर मिळतो, तिथला फोन पॉइंटला उणे ८० वर ऐकू येतो. त्याला तोडले की तो पुन्हा तिथेच जोडतो आणि पुन्हा तोडला जातो. नोंदवहीत एकच मॅक पत्ता काही सेकंदांच्या अंतराने जोडला व तुटलेला दिसला, तर हेच घडत आहे असे समजावे.

त्यामुळे शक्ती कमी करण्याचा दुसरा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो. तिन्ही पॉइंट १३ डीबीएमवर आणले, तर शेवटच्या खोलीत जिन्याचा पॉइंट उणे ७६ आणि जवळचा उणे ५५ वर येतो. फोन आपणहून शोध घेतो, २१ डेसिबलचा फरक पाहतो आणि सरकतो. किमान सिग्नल मर्यादा त्यानंतर, सर्वांत कमजोर खोलीतला फोन पॉइंटला ज्या आकड्यावर ऐकू येतो त्याच्या सुमारे ५ डेसिबल खाली, केवळ राखीव म्हणून ठेवावी. कोपऱ्यातील खोलीचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. तिथे चौथा पॉइंटच लागतो.

जलद स्थलांतराची सोय फोनला हलवत नाही, हललेल्या फोनचा खोळंबा कमी करते. ८०२.११के शेजारच्या पॉइंटांची यादी देते, २०११ चे ८०२.११व्ही जागा बदलण्याची सूचना करते (फोन ती नाकारू शकतो), आणि ८०२.११आर किल्ली आधीच तयार ठेवते. एकच सामायिक पासवर्ड असेल तर लाभ थोडा असतो. प्रत्येकाची ओळख मध्यवर्ती सर्व्हरवर तपासली जात असेल, तर बराच जाणवतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीवर डब्ल्यूपीए२ प्रकारच्या सामायिक पासवर्डासाठी तिन्ही पॉइंटांवर पुढील ओळी सारख्याच असाव्या लागतात:

```
option ieee80211r '1'
option mobility_domain '4f57'
option ft_over_ds '0'
option ft_psk_generate_local '1'
```

नव्या आवृत्त्यांच्या नोंदवहीत जोडणीच्या ओळीपुढे `auth_alg=ft` दिसल्यास जलद स्थलांतर झाले असे मानावे. काही जुनी उपकरणे ही सोय चालू असलेल्या जाळ्याला जोडलीच जात नाहीत. त्यांच्यासाठी ती बंद ठेवलेले वेगळे नाव द्यावे लागते.