रिज, लॅसो आणि शून्य सहगुणक

रिज रेग्युलरायझेशन सहगुणकांना शून्याकडे ओढते, पण नेमके शून्य कधीच करत नाही आणि लॅसो मात्र करते, असे हा विषय शिकणारे सांगतात. व्यवहारात हे विधान चालते. काटेकोरपणे पाहिले तर त्यातला ‘कधीच’ टिकत नाही.

फरकाचे मूळ मोठ्या सहगुणकांवर लावल्या जाणाऱ्या दंडात आहे, आणि या दंडाची तीव्रता λ ठरवते. रिज (होर्ल व केनार्ड, १९७०) सहगुणकांच्या वर्गांवर दंड लावते, तर लॅसो (टिब्शिरानी, १९९६) त्यांच्या निरपेक्ष मूल्यांवर. सहगुणक शून्याजवळ आला की वर्गाचा उतार जवळजवळ सपाट होतो, म्हणजे त्याला आणखी ढकलणारा जोरच उरत नाही. निरपेक्ष मूल्याचा उतार शून्यापर्यंत तेवढाच राहतो, त्यामुळे लॅसोचा जोर ओसरत नाही. चल परस्परांशी असंबद्ध आणि एकाच मापाचे असतील, तर रिज मूळ सहगुणकाला 1 + λ ने भागते आणि लॅसो त्याच्या निरपेक्ष मूल्यातून λ वजा करते. वजाबाकी शून्याखाली जाणार असेल तर शून्यावर थांबते. λ = 1 घेतल्यास ३ चे रिजमध्ये १.५ होतात, लॅसोमध्ये २, ०.८ चे रिजमध्ये ०.४ होतात, लॅसोमध्ये थेट ०. भागाकाराने शून्य येत नाही, ते मुळातच शून्य असेल तरच येते.

चल परस्परसंबद्ध असले की चित्र बदलते. दोन प्रमाणित चलांमधला सहसंबंध ०.८ आहे आणि उत्तराशी त्यांचे गुणाकार अनुक्रमे १ व ०.७ आहेत असे धरू. दंड नसताना दुसऱ्या चलाचा सहगुणक सुमारे −०.२८ येतो. रिजमध्ये त्याचा अंश 0.7(1 + λ) − 0.8 असतो. λ = 1/7 ला तो अंश नेमका शून्य होतो, आणि λ = 1 ला सहगुणक +०.१८ वर पोहोचलेला असतो. म्हणजे रिजचा सहगुणक शून्याला स्पर्श करू शकतो, ओलांडूही शकतो आणि त्यानंतर काही काळ शून्यापासून दूरही जाऊ शकतो. λ वाढवताना नक्की घटते ती सर्व सहगुणकांच्या वर्गांची बेरीज. एकेका सहगुणकाबद्दल तशी हमी नाही.

मग लॅसोचे वेगळेपण कशात? रिजचे हे शून्य λ च्या एकाच किमतीला भेटते, आणि प्रत्यक्ष माहितीवर नेमकी तीच किंमत निवडली जाणे जवळजवळ अशक्य. याच उदाहरणात लॅसोमध्ये λ = 1/18 पासून पुढे दुसरा सहगुणक शून्यच राहतो. चलांची निवड होते ती या सलग पट्ट्यामुळे, आणि माझ्या मते शिकणाऱ्याने लक्षात ठेवायचा फरक हाच.

पडद्यावर रिजचा सहगुणक `0.00` दिसला तर तो बहुधा पूर्णांकनाचा परिणाम असतो. scikit-learn मध्ये `coef_ == 0` तपासल्यास रिजसाठी जवळपास नेहमी `False` मिळते, लॅसोने वगळलेल्या चलांसाठी `True`.