भोपळा कुठे बसवला आहे? फोटोवरून तंतुवाद्य ओळखताना

लांब दांडी आणि भोपळा दिसला की फोटोखाली ‘सतार’ लिहून मोकळे व्हायची पद्धत आहे. जुन्या मैफलींचे फोटो, लग्नातल्या सजावटीची चित्रे, कॅलेंडरे, सगळीकडे हेच. प्रत्यक्षात त्या फोटोत तंबोरा, सूरबहार, रुद्रवीणा, सरस्वती वीणा किंवा विचित्र वीणा असू शकते. ही मंडळी एकमेकांपासून वेगळी काढायला कान लागत नाही, नजर पुरते. मात्र ती योग्य क्रमाने फिरवावी लागते.

बहुतेक जण तारा मोजायला जातात आणि तिथेच फसतात. फोटोत तारा दिसतात तेव्हा निम्म्याच दिसतात. उरलेल्या प्रकाशात विरघळतात किंवा एकमेकींमागे लपतात. म्हणून तारा शेवटी. आधी भोपळा आणि दांडी यांचे नाते पाहावे.

सतारीत आणि तंबोऱ्यात दांडी भोपळ्यातूनच पुढे निघालेली असते. भोपळ्याचा समोरचा भाग कापून त्यावर पातळ लाकडाची तबली बसवतात आणि तारांना टेकू देणारी घोडी त्या तबलीवर उभी राहते. तारेचे कंपन घोडीतून तबलीत आणि तबलीतून पोकळीतल्या हवेत जाते. रुद्रवीणेची रचनाच निराळी. तिथे एक पोकळ नळी हाच कणा असतो, घोडी त्या नळीच्या टोकाशी असते आणि दोन मोठे भोपळे नळीखाली टांगल्यासारखे जोडलेले असतात. भोपळ्यावर तबली नाही, तारही नाही. फोटोत भोपळ्याचा तोंडवळा सपाट लाकडी दिसतो की भोपळा पूर्ण गोल राहून दांडीच्या खालून डोकावतो, एवढे पाहिले तरी सतारीचे कुळ आणि रुद्रवीणेचे कुळ वेगळे होते.

इथे एक सापळा आहे. काही सतारींना दांडीच्या वरच्या टोकाशी, मागच्या बाजूला दुसरा छोटा भोपळा असतो. ‘दोन भोपळे म्हणजे रुद्रवीणा’ हा ठोकताळा त्यामुळे कामाचा नाही. सतारीचा वरचा भोपळा खालच्यापेक्षा स्पष्टपणे लहान असतो. रुद्रवीणेचे दोन्ही जवळजवळ सारखे आणि दणदणीत मोठे.

मग दांडीवरचे आडवे पडदे पाहावेत. तंबोऱ्याला पडदेच नसतात, कारण त्यावर बोटाने स्वर बदलायचा नसतो. दांडी गुळगुळीत, तारा बहुधा चार, आणि घोडीच्या खाली प्रत्येक तारेत ओवलेला एक मणी. हा मणी खाली सरकवला की तार किंचित चढते. सतारीचे पडदे धातूचे आणि कमानीसारखे वाकलेले असतात. ते दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात, म्हणून सरकवता येतात. कमानीचे कारण उघड आहे: पडद्यांच्या खालून न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारा धावतात, त्यांना जागा हवी. दांडीच्या कडेला लहान खुंट्यांची रांग दिसली तर त्या याच तरफांच्या. रुद्रवीणेवर आणि सरस्वती वीणेवर मात्र पडदे सरळ, उंच आणि मेणात पक्के बसवलेले असतात. सरस्वती वीणेवर ते चोवीस असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी काळसर मेणाची पट्टी साध्या फोटोतही उठून दिसते.

सरस्वती वीणा आणि रुद्रवीणा यांतला फरक उजव्या टोकाला कळतो. सरस्वती वीणेत तिथे फणसाच्या लाकडातून कोरलेले मोठे वाडगे असते आणि त्यावर सपाट लाकडी झाकण. डाव्या बाजूला दांडीखाली एकच, तुलनेने छोटा भोपळा. दांडीचे टोक वळून खाली येते, त्यावर बहुधा याळी या काल्पनिक प्राण्याचे तोंड कोरलेले असते.

पडदे नाहीत, पण दोन मोठे भोपळे जमिनीवर टेकलेत, दांडी पाटासारखी रुंद आहे आणि वादकाच्या डाव्या हातात काचेचा गुळगुळीत गोळा आहे? ती विचित्र वीणा. तो गोळा तारांवरून घसरवून स्वर काढतात, म्हणून पडद्यांची गरज नाही.

घोडीकडे थोडे निरखून पाहायला हवे, कारण या कुळाची खरी सही तिथे आहे. व्हायोलिन किंवा सारंगीची घोडी अरुंद आणि उभी असते. सतार, तंबोरा आणि वीणा यांची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित उताराचा, जवळजवळ सपाट. कंपताना तार त्या उताराला घासत राहते, तिची मोकळी लांबी क्षणोक्षणी बदलते आणि मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वरांश उजळतात. यालाच आपण जवारी म्हणतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा हाच परिणाम अभ्यासला. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असेल, तो नेहमीच्या नियमाप्रमाणे ऐकू येऊ नये; या वाद्यांत तोही ऐकू येतो, हे त्यांनी दाखवले. जवळून काढलेल्या फोटोत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला दोराही दिसतो. जवारी नेमकी खुलते ती जागा शोधण्यासाठी तो असतो.

आता हे सारे एका फोटोवर लावून पाहू. कृष्णधवल चित्र, खाली ‘सतारवादक’ असे लिहिलेले. माणूस मांडी घालून बसला आहे, एक भोपळा त्याच्या डाव्या खांद्यावर, दुसरा उजव्या गुडघ्यापाशी, दांडी तिरकी. भोपळे सारख्या आकाराचे, दोघेही पूर्ण गोल. दांडी भोपळ्यांच्या पलीकडे थोडी पुढे गेलेली. कडेला लहान खुंट्यांची रांग नाही. पडदे सरळ आणि उंच. चित्र धूसर असले तरी एवढ्यावर रुद्रवीणा म्हणायला हरकत नाही. सतार अशी खांद्यावर जात नाही. तिचा भोपळा डाव्या पायाच्या तळव्याशी टेकतो आणि उजवा हात त्यावर विसावतो.

पण बैठकीवर सगळा भार टाकू नये. झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणा खांद्यावर न घेता, एक भोपळा जमिनीवर आणि दुसरा डाव्या मांडीवर ठेवून वाजवत. असद अली खाँ यांनी खांद्यावरची धाटणी राखली. फक्त बैठक पाहणारा डागरांच्या फोटोला सरस्वती वीणा म्हणून बसेल. तिथे उजव्या टोकाचा भोपळा टांगलेला आहे की लाकडी वाडगे, हेच पाहावे लागते.

दुसरी अडचण उलट्या छापलेल्या फोटोची. सतार सरळ फोटोत बघणाऱ्याच्या उजवीकडे वर जाते आणि तार छेडायची नखी वादकाच्या उजव्या तर्जनीत असते. हे उलटे दिसले तर वादक डावखुरा ठरवण्याआधी शर्टाची बटणे, साडीचा पदर किंवा मागच्या फलकावरची अक्षरे बघून घ्यावीत.

काही फोटोंत निर्णय होतच नाही. सतार आणि सूरबहार यांची रचना एकच. सूरबहार मोठी, दांडी रुंद, तारा जाड, भोपळा बहुधा पाठीकडून चपटा. शेजारी माणूस नसेल आणि वाद्य समोरूनच टिपले असेल तर आकाराला माप उरत नाही. वादकाचा हात दिसत असेल तर दांडीची रुंदी त्याच्या बोटांशी ताडून पाहता येते. तोही नसेल तर ‘सतार किंवा सूरबहार’ असेच लिहावे. तंबोऱ्याचेही तसेच: पुरुषी आणि बायकी तंबोरा उंचीनेच ओळखायचा. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण वाद्य मिरजेचे की आणखी कुठले, हे नुसत्या फोटोवरून ठरवू नये. दांडीवरची नक्षी कोणीही कोरू शकतो. दक्षिणेचा तंजावरी तंबोरा मात्र लगेच वेगळा काढता येतो. त्याला भोपळाच नसतो, वाडगे फणसाच्या लाकडाचे असते.

तबलीच्या जागी फिकट, ताणलेले कातडे दिसले तर हे कूळच सोडून द्यावे. हातात तारांवर फिरवायचा गज, पडदे नाहीत आणि कंबरेशी निमुळते झालेले ठोकळेबाज अंग, तर सारंगी. गज आहे आणि सतारीसारखे पडदेही आहेत, तर दिलरुबा किंवा इसराज. गज नाही आणि दांडीवर चकचकीत पोलादी पत्रा आहे, तर सरोद.