प्रसूतीनंतरचा व्यायाम

बाळंतपणानंतर शरीराला चालणे, वजन उचलणे आणि धावणे यांकडे टप्प्याटप्प्याने परत नेण्याची पद्धत. तिचा भर मुख्यतः दोन स्नायुगटांवर असतो : मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून पेलणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, ज्यांना आता सर्रास पेल्विक फ्लोअर म्हणतात, आणि पोटाचे खोल स्नायू. हातपाय व दम यांची ताकद तुलनेने लवकर परत येते. हे दोन गट मागे राहतात, आणि बहुतेक तक्रारी या तफावतीतूनच उद्‌भवतात.

महाराष्ट्रात बाळंतिणीचा सव्वा महिना पाळण्याची रीत आहे. शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, पोट बांधणे, आणि जड काम नाही. डॉक्टरांची सहा आठवड्यांची तपासणीही साधारण याच सुमारास येते. त्यामुळे सव्वा महिना सरला की ‘आता सगळे चालेल’ असा समज दोन्ही बाजूंनी पक्का होतो. तो बरोबर नाही. सहा आठवड्यांत टाके भरतात, गर्भाशय बहुतांशी आकुंचन पावून ओटीपोटात जाते आणि स्राव थांबत येतो. ताणलेले स्नायू व त्यांची आवरणे मात्र त्यानंतरही कित्येक महिने सावरत असतात. याच्या उलट, सव्वा महिना अंथरुणावरच काढणेही हिताचे नाही, कारण प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि हिंडण्याफिरण्याने तो कमी होतो.

तळाचे स्नायू : हे स्नायू पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात. योनिमार्गे प्रसूती होताना त्यांचा सर्वांत आतला पट्टा मूळ लांबीच्या तीन पटींहून अधिक ताणला जातो, असे संगणकावरील प्रतिकृतींवरून दिसून आले आहे. काही स्त्रियांत, विशेषतः चिमट्याने प्रसूती केल्यास, हा पट्टा हाडापासून सुटतोही. सिझेरियन झालेल्या स्त्रीला यातून पूर्ण सूट मिळते असे नाही. नऊ महिने वाढत गेलेला भार तिच्याही तळाने पेललेला असतो, म्हणून तिलाही हे व्यायाम करावे लागतात.

या स्नायूंच्या व्यायामाला केगेल म्हणतात. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला, तेव्हा स्नायू किती दाब निर्माण करतात हे मोजणारे उपकरणही त्यात होते. पुढे उपकरण मागे पडले आणि ‘आवळा-सोडा’ एवढीच सूचना उरली. ती पुरेशी नाही. १९९१ च्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन तपासले, तेव्हा निम्म्यांनाच हा व्यायाम नीट जमला. सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया उलट खाली जोर देत होत्या, म्हणजे कुंथत होत्या. असे रोज केले तर लघवी गळण्याची तक्रार वाढू शकते.

योग्य कृती अशी : गुडघे वाकवून पाठीवर किंवा कुशीवर पडावे. चारचौघांत वारा सुटू नये म्हणून जसे आवळतो तसे गुदद्वार आवळावे आणि तीच पकड पुढे लघवीच्या जागेपर्यंत नेऊन आत, वर खेचावी. नितंब व मांड्या सैल राहाव्यात, श्वास चालू राहावा. मग पूर्ण सोडावे. हे सोडणेही व्यायामाचाच भाग आहे. प्रारंभी दोन-तीन सेकंदच पकड टिकते. ती हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यावी. असे आठ ते दहा वेळा आणि त्यानंतर तितकेच झटपट आवळणे-सोडणे, दिवसातून तीनदा. फरक जाणवण्यास किमान तीन महिने लागतात. आपले बरोबर चालले आहे की नाही हे पाहण्याचा घरगुती उपाय म्हणजे गुदद्वार आणि योनी यांच्यामधल्या जागेवर कपड्यावरून बोट ठेवणे. आवळताना ती जागा आत, बोटापासून दूर गेली तर बरोबर. बोटाकडे फुगून आली तर कुंथणे चालले आहे. लघवीची धार मध्येच थांबवून सराव करण्याची जुनी सूचना आता दिली जात नाही, कारण त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही.

लघवीसाठी नळी घातली असल्यास ती काढून लघवी नीट होऊ लागली की हलके आवळणे सुरू करता येते. टाके असले तरी चालते, दुखता कामा नये. सरावाचा खरा उपयोग रोजच्या व्यवहारात होतो : खोकला-शिंक येण्याआधी, बाळाला पाळण्यातून उचलताना क्षणभर आवळून घ्यावे. मात्र प्रत्येकीला अधिक आवळण्याचीच गरज असते असे नाही. ज्यांचे हे स्नायू सतत ताठ असतात, लघवी अडखळत होते किंवा शरीरसंबंधात दुखते, त्यांना आधी सैल सोडणे शिकावे लागते, आणि ते या विषयातील फिजिओथेरपिस्टकडून तपासून शिकलेले बरे.

पोटाचे स्नायू : गरोदरपणात पोटाच्या पुढच्या दोन उभ्या स्नायूंमधला पांढरा पट्टा ताणून रुंद होतो. शेवटच्या आठवड्यांत असे अंतर जवळपास सर्वच स्त्रियांत पडते, म्हणून तो आजार मानला जात नाही. नॉर्वेतील एका अभ्यासात प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के आणि वर्षभरानंतर ३३ टक्के स्त्रियांत ते आढळले. घरी पाहायचे तर पाठीवर पडून डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर-खाली बोटे आडवी ठेवावीत. किती बोटे मावतात याचीच चर्चा घरोघर होते. खरे तर बोटांखाली ताण जाणवतो की बोटे लोण्यात रुतावीत तशी आत जातात, हे अधिक सांगून जाते.

कामाची सुरुवात श्वासापासून होते. श्वास घेताना बरगड्या रुंदावू द्याव्यात, सोडताना तळ वर खेचावा आणि बेंबीखालचे पोट हलकेच आत घ्यावे. हे जमले की त्याच श्वासावर एक टाच जमिनीवर सरकवत पाय लांब करणे, गुडघा बाजूला सोडून परत आणणे, मग कंबर उचलून सेतू करणे. प्रत्येक पायरीवर नजर पोटाच्या मध्यरेषेवर असावी. तिथे घराच्या पाख्यासारखा उंचवटा आला किंवा श्वास अडकला तर ती पायरी अजून जड आहे. उठाबशासारखे पोट दुमडण्याचे व्यायाम कायमचे वर्ज्य, हा नियमही आता ढिला झाला आहे. योग्य तयारीनंतर केलेल्या अशा व्यायामाने अंतर वाढत नाही, असे आढळले आहे. प्रश्न वेळेचा आणि दाब पेलण्याचा आहे.

पोट बांधण्याविषयी : सुती कापडाने किंवा पट्ट्याने दिलेला हलका आधार, विशेषतः सिझेरियननंतर, उठता-बसताना बरा वाटतो. त्याने अंतर भरून येत नाही. फार आवळून बांधला तर पोटातला दाब खाली, आधीच थकलेल्या तळावर जातो. तोच दाब बद्धकोष्ठात कुंथल्याने आणि पाण्याची भरलेली कळशी उचलल्यानेही पडतो. म्हणून बाळंतिणीच्या व्यायामात पोट साफ राहणे आणि कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठणे हेही मोजले जाते.

कालक्रम : पहिले दोन आठवडे श्वास, हलके आवळणे आणि घरातल्या घरात चालणे. सहा आठवड्यांपर्यंत चालणे दहा मिनिटांवरून तीस मिनिटांकडे नेता येते. चालल्यानंतर स्राव वाढला किंवा पुन्हा लालभडक झाला तर दोन दिवस मागे यावे. सहा ते बारा आठवड्यांत खुर्चीतून उठ-बस, सेतू, हलकी वजने, स्थिर सायकल, आणि स्राव थांबून जखम भरली असल्यास पोहणे. धावण्यासाठी ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये मांडलेली मार्गदर्शिका सर्वाधिक वापरली जाते. तिच्यानुसार लवकरात लवकर तीन महिन्यांनंतर, तेही अर्धा तास चालणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, एका पायावर दहा बैठका, प्रत्येक पायावर दहा उड्या, जागच्या जागी मिनिटभर धावणे हे सारे वेदना, जडपणा वा गळती न होता जमले तर.

सिझेरियनमध्ये हा क्रम आणखी हळू चालतो. पोटाच्या भिंतीचे चिवट आवरण सहा आठवड्यांनी मूळ ताकदीच्या निम्म्याच्या थोडे वर आलेले असते, आणि सहा-सात महिन्यांनीही ते पूर्ण भरलेले असतेच असे नाही. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाट गेली असेल तर कालक्रम तपासणीनंतरच ठरवावा. तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, एका पोटरीला सूज व वेदना, छातीत दुखणे किंवा धाप, ताप अशा वेळी व्यायामाचा विचार सोडून लगेच रुग्णालय गाठावे लागते.

एक नमुना : एक पहिलटकरीण, नॉर्मल प्रसूती, थोडे टाके, पूर्वी आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर धावणारी. सातव्या आठवड्यात तिने बाळाला झोळीत बांधून पाऊण तास चाल केली आणि संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखे, बोळा अडकल्यासारखे जड वाटू लागले. दुखत नव्हते. हा जडपणा तळ थकल्याचा संकेत असतो. तो टिकला किंवा हाताला फुगवटा लागला तर ‘अंग बाहेर येणे’ आहे का हे तपासावे लागते. तिचा रात्री पडल्यावर गेला. तिने चाल वीस मिनिटांवर आणली, बाळ बाबागाडीत ठेवले आणि दुपारी अर्धा तास आडवे पडण्याची सवय लावली. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत बाराव्या आठवड्यात ती पाऊण तासाशी परतली, संध्याकाळ हलकी गेली. चौदाव्या आठवड्यात चाचण्यांपैकी डाव्या पायावरच्या उड्यांत सातव्या उडीला दोन थेंब लघवी गळली. म्हणजे तळ चालण्यापुरता तयार होता, आदळण्यासाठी नव्हता. आणखी तीन आठवडे टाचा उचलणे, एका पायावर खुर्चीतून उठणे आणि आवळणे यांवर गेले. सतराव्या आठवड्यात एक मिनिट धाव, दोन मिनिटे चाल, असे आठ फेरे, एक दिवस आड. आधी धावण्याची मिनिटे वाढवली, वेगाला हात लावला नाही. सहाव्या महिन्यात ती वीस मिनिटे सलग धावू लागली. दोरीच्या उड्या मारताना मात्र अजून गळत होते, म्हणून दोरी खुंटीवरच राहिली.