अतिभाराचे तत्त्व (शारीरिक शिक्षण)

अतिभाराचे तत्त्व : शरीराला ज्या कामाची सवय झालेली असते, त्याहून थोडे जास्त काम त्याच्याकडून करून घ्यावे आणि मग सावरायला पुरेसा वेळ द्यावा, असे केले तरच क्षमता वाढते, असे सांगणारे क्रीडा प्रशिक्षणाचे मूलभूत तत्त्व. सीबीएसईच्या बारावीच्या शारीरिक शिक्षण विषयात (लेखी ७० गुण, प्रात्यक्षिक ३० गुण) प्रशिक्षणाच्या पद्धती, व्यायामाचा शरीरसंस्थांवर होणारा परिणाम आणि खेळांचे नियम असे भाग असतात. विद्यार्थी ते सुटे सुटे पाठ करतात. प्रत्यक्षात नियम ठरवतात शरीरावर कोणता ताण येणार, शरीरसंस्था ठरवतात तो किती पेलवणार आणि प्रशिक्षण त्या दोहोंमधले अंतर भरून काढते. या नोंदीत हा संबंध कबड्डीतील चढाईच्या आधारे मांडला आहे.

या तत्त्वाची व्याख्या लिहिताना बहुतेक उत्तरपत्रिकांत ‘भार हळूहळू वाढवत नेणे’ एवढेच येते. ते अर्धेच उत्तर झाले. कसून सराव केल्यावर खेळाडूची क्षमता आधी कमी होते. स्नायूंतला ऊर्जासाठा उतरतो आणि काही तंतूंना सूक्ष्म इजाही होते. पुढच्या काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत शरीर ही झीज भरून काढते आणि तसाच ताण पुन्हा येईल म्हणून पूर्वीपेक्षा किंचित जास्त तयारी करून ठेवते. या वाढीव भरपाईला सुपरकॉम्पेन्सेशन म्हणतात. पुढचा भार या टप्प्यावर पडला तर खेळाडू एक पायरी वर चढतो. भरपाई होण्याआधीच पडला तर तो खाली घसरत जातो आणि फार उशिरा पडला तर मिळालेली वाढ विरून गेलेली असते. म्हणून व्याख्येत ‘विश्रांती’ हा शब्द आलाच पाहिजे.

आता कबड्डीचे नियम पाहू. एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. या वेळात चढाईपटूने ‘कबड्डी’ हा उच्चार स्पष्ट आणि सलग चालू ठेवायचा असतो. प्रतिपक्षाच्या अंगणात दम तुटला की तो बाद. पुरुषांच्या १३ × १० मीटरच्या मैदानावर निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते आणि बोनस रेषा तिच्या पुढे १ मीटरवर. गडी न शिवता परतायचे असेल तर निदान रेषा निदान एकदा तरी ओलांडावी लागते. ती ओलांडली असे केव्हा धरतात, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न आहे. शरीराचा काही भाग रेषेपलीकडच्या जमिनीला लागलेला हवा आणि त्याच क्षणी मध्यरेषा व निदान रेषा यांमधल्या जमिनीला शरीराचा कोणताही भाग लागलेला नको. म्हणजे पुढचा पाय पलीकडे टेकला तरी मागचा उचललेला असावा लागतो. बोनस गुण प्रतिपक्षाचे किमान सहा गडी मैदानात असतानाच मिळतो.

दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात. समजा, संघाचा मुख्य चढाईपटू आपल्या संघाची दर दुसरी चढाई करतो. त्याच्या दोन चढायांच्या मध्ये प्रतिपक्षाची एक, सहकाऱ्याची एक आणि पुन्हा प्रतिपक्षाची एक अशा तीन चढाया होतात. प्रत्येकीला पूर्ण ३० सेकंद धरले तर ३० सेकंद काम आणि ९० सेकंद तुलनेने हलका काळ, असे १:३ हे प्रमाण निघते. चढाया लवकर आटोपल्या तर दोन्ही आकडे कमी होतात, पण प्रमाण साधारण तेच राहते. हा ‘हलका काळ’ पूर्ण विश्रांतीचा मात्र नसतो, कारण प्रतिपक्षाच्या चढाईत त्याला बचावाच्या साखळीत उभे राहावे लागते.

या ३० सेकंदांत ऊर्जा कुठून येते? जोरदार हालचालीची पहिली साधारण १० सेकंदे स्नायूंत साठलेले एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट भागवतात. त्यापुढे ऑक्सिजनविना ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवण्याच्या मार्गावर भर पडतो, त्यातून लॅक्टेट तयार होते आणि स्नायूंतली आम्लता वाढते. पाय जड होऊ लागतात ते इथे. चढाई संपल्यावर क्रिएटिन फॉस्फेटचा निम्मा साठा साधारण अर्ध्या मिनिटात परत येतो, बराचसा दोन-तीन मिनिटांत. ९० सेकंदांत साठा पुष्कळ भरतो, पण पुरता नाही. त्यामुळे सामन्याच्या उत्तरार्धात चढाईपटूची पहिली झेप आखूड होत जाते. हा साठा पुन्हा भरण्याचे काम ऑक्सिजनवर चालते, म्हणून सामना छोट्या झटक्यांचा असला तरी हृदय आणि फुप्फुसांची ताकद लागतेच. (दुसऱ्या दिवशी येणारी अंगदुखी लॅक्टिक आम्ल साचल्याने होते, हे वाक्य उत्तरात लिहू नये. लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते; ती दुखी तंतूंच्या सूक्ष्म इजेमुळे असते आणि एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते.)

हृदयावरचा परिणाम आकड्यांत दाखवता येतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला ७२ ठोके देत असेल आणि प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर फेकत असेल, तर मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त फिरते. अनेक महिन्यांच्या सरावानंतर एका ठोक्यात १०० मिलिलिटर रक्त जाऊ लागले, की तेवढ्याच ५ लिटरसाठी ५० ठोके पुरतात. खेळाडूची विश्रांतीची नाडी मंद असते ती यामुळे. ‘व्यायामाने नाडी वाढते’ आणि ‘व्यायामाने नाडी कमी होते’ ही दोन्ही विधाने बरोबर आहेत. पहिले व्यायाम चालू असतानाच्या तात्पुरत्या परिणामाचे, दुसरे दीर्घकालीन परिणामाचे. प्रश्नात कोणता परिणाम विचारला आहे हे न पाहिल्याने इथे फुकट गुण जातात.

काम आणि विश्रांती आलटून पालटून देणाऱ्या पद्धतीला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. १९३० च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली. गेर्शलरचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. पुढे रूढ झालेला त्यांचा नियम साधा होता : धावेच्या शेवटी नाडी १८० च्या आसपास जावी आणि ती १२० पर्यंत उतरली की पुढची धाव सुरू करावी. हृदयाला खरा लाभ धाव थांबल्यानंतरच्या मध्यंतरात होतो, असे त्यांचे मत होते. पद्धतीचे नावही त्या मध्यंतरावरूनच पडले.

शालेय कबड्डीपटूसाठी याचा आराखडा असा करता येतो. मैदानावर मध्यरेषेपासून बोनस रेषेपर्यंत, म्हणजे ४.७५ मीटर जायचे, पायाने रेषा शिवायची आणि परत यायचे. ३० सेकंदांत अशा जितक्या फेऱ्या होतील तितक्या करायच्या, तोंडाने दम चालू ठेवून. मग ९० सेकंद चालायचे किंवा बचावातल्यासारखे आडवे सरकायचे. ही एक आवृत्ती. पहिल्या आठवड्यात चार-चार आवृत्त्यांचे दोन संच, मध्ये चार मिनिटे विश्रांती. दुसऱ्या आठवड्यात पाच-पाच, तिसऱ्यात सहा-सहा. चौथ्या आठवड्यात पुन्हा चार-चार. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास. पुढच्या महिन्यात आवृत्त्या वाढवायच्या असतील तर विश्रांती ९० सेकंदच ठेवावी. विश्रांती ७५ वर आणायची असेल तर आवृत्त्या वाढवू नयेत. दोन्ही एकदम बदलले की फरक कशाने पडला ते कळत नाही.

चौथ्या आठवड्यात भार कमी केलेला पाहून मुलांना वेळ वाया गेल्यासारखे वाटते आणि पालकही विचारतात. पण आधीच्या तीन आठवड्यांच्या कामाचे फळ बहुधा याच आठवड्यात दिसते, त्यामुळे तो गाळू नये.

भार योग्य आहे की नाही, हे फेऱ्या मोजून कळते. समजा, पहिल्या आवृत्तीत ९ फेऱ्या झाल्या. शेवटच्या आवृत्तीत ८ झाल्या तर ठीक. मधल्याच एखाद्या आवृत्तीत ७ वर आल्या तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा. पुढच्या आवृत्त्यांत वेग सुटलेला असतो आणि खेळाडू संथ धावण्याचा सराव करू लागतो. आवृत्ती संपल्याबरोबर नाडी पहायची, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर, १० सेकंदांचे ठोके मोजून सहाने गुणून. पूर्ण मिनिट मोजत बसले तर तेवढ्यात नाडी उतरते आणि आकडा फसवा येतो. विश्रांतीच्या शेवटी १० सेकंदांत २० च्या आसपास ठोके मिळाले तर नाडी १२० वर आली आहे. ती बरीच वर असेल तर विश्रांती वाढवावी.

दम चालू ठेवण्याची अट सरावात का घालायची, हे विशिष्टतेच्या तत्त्वावरून कळते : ज्या प्रकारचा भार, त्याच प्रकारची सुधारणा. उच्चार करताना श्वास सतत बाहेर जात असतो आणि आत घ्यायला जागाच मिळत नाही. १५०० मीटर उत्तम धावणारा मुलगाही चढाईत दम राखू शकेल असे नाही, कारण धावताना त्याने श्वास मोकळा घेतलेला असतो. वेग कमी-जास्त करत धावण्याच्या फार्टलेक पद्धतीने किंवा सलग धावण्याने पाया बनतो, पण चढाई मैदानावरच घडते.

या तत्त्वाला मर्यादाही आहेत. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा पाच-दहा ठोक्यांनी जास्त येत राहिली, झोप नीट लागेना, भूक मंदावली आणि फेऱ्यांची संख्या दोन सरावांत सलग घटली, तर भार जास्त होतो आहे. शालेय वयात आणखी एक गोष्ट जपावी लागते. उंची झपाट्याने वाढत असताना मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावरच्या ज्या जागी जोडलेला असतो तिथे ताण पडून उंचवटा येतो आणि दाबले की दुखते. वैद्यकात याला ऑसगुड-श्लॅटर विकार म्हणतात. झटक्यात वळणे, उड्या आणि अचानक थांबणे यांनी तो वाढतो. ‘सवय नाही म्हणून दुखतंय’ असे म्हणून सराव रेटू नये. अशा मुलाचे वळणाचे काम कमी करून डॉक्टरांना दाखवावे.

सराव थांबला की मिळवलेली क्षमता ओसरते, याला प्रत्यावर्तनाचे तत्त्व म्हणतात. हृदय-श्वसनाची क्षमता दोन-तीन आठवड्यांतच कमी होऊ लागते, स्नायूंची ताकद त्यापेक्षा जास्त टिकते. परीक्षेच्या महिन्यात दोन दिवसांऐवजी एकच दिवस आणि दोन संचांऐवजी एक संच केला तरी, आवृत्त्यांचा वेग कायम ठेवल्यास बरीच क्षमता टिकते. तीन आठवड्यांहून मोठा खंड पडला असेल तर पहिल्या आठवड्याच्या चार-चार आवृत्त्यांपासूनच पुन्हा सुरुवात करावी.